क्लिक नेमकं कशाला लागलं? वेबजीएल व्ह्यूअरमध्ये किरण टाकून भाग निवडणं

ही मालिका इंदूरहून बघणारे आहेत, बडोद्याहून बघणारे आहेत, हैदराबाद आणि बेळगावहूनही आहेत. आजचा विषय छोटा आहे, पण जरा खोलात जाऊन बघू. ब्राउझरमध्ये त्रिमितीय मॉडेल दाखवलंय, त्यावर वापरणाऱ्याने क्लिक केलं. कोणत्या भागावर केलं हे प्रोग्रॅमला कसं कळतं? आणि कळताना चूक झाली तर ती कुठे झाली हे आपण कसं ओळखायचं?

बोलण्यासाठी एक ठरावीक मॉडेल समोर ठेवू. एक सेंट्रिफ्यूगल पंप आहे. बाहेर केसिंग, आत इम्पेलर, मधून जाणारा शाफ्ट, शाफ्टवर मेकॅनिकल सील, मागे बेअरिंग, आणि सगळं धरून ठेवणारे नट-बोल्ट. हा पंप सुट्या भागांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये आहे. मेकॅनिक सीलवर क्लिक करतो, बाजूच्या पट्टीत त्या भागाचा नंबर येतो, तो मागणी नोंदवतो. इथे निवड चुकली तर चुकीचं पार्सल येणार आणि तोवर पंप बंद राहणार. सील मागवलं आणि बेअरिंग आलं, तर तो मेकॅनिक त्या व्ह्यूअरवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

आता एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वेबजीएल फक्त रंगवतं. त्रिकोण दिले की ते पिक्सेल रंगवून देतं आणि विसरून जातं. एचटीएमएलच्या पानात बटणावर क्लिक केलं तर ब्राउझरला माहीत असतं की हे बटण आहे. कॅनव्हासच्या आत मात्र ब्राउझरला सील दिसत नाही, बोल्ट दिसत नाही. त्याच्या लेखी तो एकच आयताकृती तुकडा असतो. म्हणून भाग शोधायचं काम आपल्यालाच करावं लागतं. त्याची सगळ्यात वापरात असलेली रीत म्हणजे किरण टाकणं. कॅमेऱ्यापासून निघून, क्लिक झालेल्या पिक्सेलमधून आरपार जाणारी एक सरळ रेषा कल्पायची, आणि ती कोणत्या त्रिकोणाला सगळ्यात आधी लागते ते गणिताने काढायचं. मेश म्हणजे शेवटी त्रिकोणांची जाळीच. कुठल्या त्रिकोणाला लागलं हे कळलं की तो त्रिकोण कोणत्या भागाचा हे शोधता येतं.

मी उदाहरणं थ्री-जेएस या लायब्ररीत देतोय, कारण ब्राउझरमधले बरेच व्ह्यूअर तिच्यावर बांधलेले असतात. गणित मात्र कुठल्याही लायब्ररीत हेच.

पहिली पायरी: पिक्सेलपासून किरणापर्यंत

क्लिकच्या घटनेत आपल्याला `clientX` आणि `clientY` मिळतात. हे आकडे ब्राउझरच्या खिडकीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात, कॅनव्हासच्या कोपऱ्यापासून नाही. किरणाला हवी असते वेगळीच मोजणी. कॅनव्हासच्या मधोमध शून्य, उजव्या कडेला अधिक एक, डाव्या कडेला उणे एक, वरच्या कडेला अधिक एक आणि खालच्या कडेला उणे एक. पानावर वाय खाली जाताना वाढतो आणि इथे वर जाताना वाढतो, म्हणून वायचं चिन्ह उलटावं लागतं.

```js
const r = canvas.getBoundingClientRect();
ndc.x =  ((e.clientX - r.left) / r.width)  * 2 - 1;
ndc.y = -((e.clientY - r.top)  / r.height) * 2 + 1;
raycaster.setFromCamera(ndc, camera);
const hits = raycaster.intersectObject(model, true);
```

आता आकडे घालून बघू. कागद-पेन घ्या, गणित अगदी स्वच्छ सुटतं. आपला कॅनव्हास ८०० बाय ६०० पिक्सेलचा आहे. डावीकडे २४० पिक्सेलची भागांची यादी आहे आणि वर ६४ पिक्सेलची पट्टी आहे. मेकॅनिकने क्लिक केलं तिथे `clientX` आहे ८४० आणि `clientY` आहे २१४. कॅनव्हासच्या कोपऱ्यापासून मोजलं तर ८४० वजा २४० म्हणजे ६००, आणि २१४ वजा ६४ म्हणजे १५०. ६०० भागिले ८०० म्हणजे ०.७५, दुप्पट करून एक वजा केला की ०.५. १५० भागिले ६०० म्हणजे ०.२५, दुप्पट ०.५, चिन्ह उलटून एक मिळवला की पुन्हा ०.५. म्हणजे क्लिक मध्यापासून उजवीकडे अर्ध्या वाटेवर आणि वरही अर्ध्या वाटेवर आहे. चित्र डोळ्यांसमोर आणा, बरोबर वाटतं ना?

आता कॅमेरा. तो (०, ०, ६) या बिंदूवर आहे आणि उणे झेडच्या दिशेने, म्हणजे मूळबिंदूकडे बघतोय. त्याचा उभा दृष्टिकोन सुमारे ५३.१३ अंश धरू, कारण त्याच्या अर्ध्या कोनाचा टॅन ०.५ येतो. रुंदी-उंचीचं गुणोत्तर ८०० भागिले ६००, म्हणजे चार तृतीयांश. कॅमेऱ्यापासून एक एकक पुढे गेलं की दृश्याची अर्धी उंची ०.५ आणि अर्धी रुंदी दोन तृतीयांश असते. आपलं क्लिक दोन्हीकडे अर्ध्यावर आहे. म्हणून एक एकक पुढे जाताना किरण उजवीकडे एक तृतीयांश सरकतो आणि वर एक चतुर्थांश सरकतो. दिशा झाली (१/३, १/४, −१). सगळ्याला बाराने गुणलं तर (४, ३, −१२). चारचा वर्ग सोळा, तीनचा नऊ, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज १६९, वर्गमूळ १३. म्हणजे एक लांबीची दिशा (४/१३, ३/१३, −१२/१३).

हा किरण झेड शून्यच्या पातळीला कुठे भेटेल? सहा एकक पुढे जायचं, म्हणजे उजवीकडे २ आणि वर १.५. बिंदू (२, १.५, ०). किरणावरून मोजलेलं अंतर साडेसहा. `setFromCamera` आतून हेच करतं. फक्त कॅमेरा तिरका असला तरी चालावं म्हणून ते मॅट्रिक्सच्या उलट्याने करतं.

दुसरी पायरी: किरण त्रिकोणाला लागला का?

सीलच्या पुढच्या तोंडावरचा एक त्रिकोण घेऊ. टोकं आहेत अ (१, १, ०), ब (३, १, ०) आणि क (१, ३, ०). किरण त्याच्या पातळीला (२, १.५, ०) इथे भेटतो हे काढलंच आहे. आता प्रश्न एवढाच की हा बिंदू त्रिकोणाच्या आत आहे की बाहेर.

युक्ती अशी आहे. अ पासून सुरुवात करा. ब च्या दिशेने किती टक्के चालायचं आणि क च्या दिशेने किती टक्के चालायचं, म्हणजे आपण त्या बिंदूवर पोहोचू? अ ते ब अंतर २ आहे आणि आपल्याला एक्समध्ये १ जायचंय, म्हणून ०.५. अ ते क अंतर २ आहे आणि वायमध्ये ०.५ जायचंय, म्हणून ०.२५. नियम असा की दोन्ही आकडे शून्य किंवा जास्त हवेत आणि त्यांची बेरीज एकच्या आत हवी. इथे बेरीज ०.७५. म्हणजे बिंदू आत आहे, किरण लागला. बेरीज १.१ आली असती तर किरण ब-क या कडेच्या पलीकडून निसटला असता.

हेच गणित अवकाशातल्या कुठल्याही तिरक्या त्रिकोणासाठी, आधी पातळीचं समीकरण न मांडता, थोडक्या गुणाकारांत करायची रीत टोमास म्योलर आणि बेन ट्रंबोर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. ती दोघांच्या नावानेच ओळखली जाते आणि आजही बऱ्याच ठिकाणी वापरतात.

इथे दोन बारकावे आहेत. पहिला असा. भागाच्या मेशचे त्रिकोण त्या भागाच्या स्वतःच्या मोजणीत लिहिलेले असतात. सील फिरवून, सरकवून पंपात बसवलेलं असतं ते त्याच्या मॅट्रिक्सने. प्रत्येक त्रिकोण जगाच्या मोजणीत आणायचा तर लाखो बिंदू बदलावे लागतील. त्याऐवजी एकटा किरणच उलट्या मॅट्रिक्सने भागाच्या मोजणीत नेतात आणि तिथे तपासणी करतात. लागलेला बिंदू मात्र परत जगाच्या मोजणीत आणून मग अंतर मोजतात. हे महत्त्वाचं आहे. एक भाग मिलिमीटरमध्ये आणि दुसरा मीटरमध्ये बनवलेला असेल तर त्यांची आतली अंतरं एकमेकांशी ताडून बघण्यात काही अर्थ नसतो.

दुसरा बारकावा तपासणीच्या क्रमाचा. त्रिकोणांकडे जाण्याआधी लायब्ररी बघते की किरण त्या मेशला गुंडाळणाऱ्या गोलाला तरी लागतो का. नाही लागला तर तो अख्खा भाग सोडून देते. पंपात दोनशे भाग असले तर बहुतेक सगळे या चाळणीतच गळून पडतात. पण हा गोल एकदा मोजून ठेवलेला असतो. तुम्ही मेशचे बिंदू कोडमधून हलवले, समजा एखादी स्प्रिंग ताणून लांब केली, तर गोल जुनाच राहतो. मग स्प्रिंगचा नवीन लांबलेला भाग दिसतो पण त्यावर क्लिक लागत नाही. बिंदू बदलले की `computeBoundingSphere()` पुन्हा बोलवायचं, आणि `boundingBox` मोजून ठेवला असेल तर `computeBoundingBox()` सुद्धा.

चूक कुठे आहे ते लक्षणांवरून ओळखणं

क्लिक चुकतंय अशी तक्रार आली की बरेच जण थेट त्रिकोणांच्या गणितात शिरतात. खरं तर दोष बहुतेक वेळा पहिल्या पायरीत असतो, पिक्सेलच्या मोजणीत. आणि चुकीचा आकृतिबंध बघितला की दोष कोणता ते सांगता येतं.

त्यासाठी एक साधं साधन करा. जिथे किरण लागला तिथे, म्हणजे `hit.point` वर, एक छोटा लाल गोळा ठेवा आणि कॅनव्हासवर पाच ठिकाणी क्लिक करा: मध्यभागी आणि चार कोपऱ्यांजवळ. मागे एक मोठी सपाट पाटी ठेवली तर किरण सगळीकडे लागेल. मग गोळा माउसच्या टोकाखाली येतो की बाजूला, ते बघा.

गोळा सगळीकडे सारख्याच अंतराने सरकलेला दिसला, तर कॅनव्हासची डावी आणि वरची जागा वजा करायची राहिली आहे. आपल्या उदाहरणात ८४० तसाच वापरला असता तर ८४० भागिले ८००, गुणिले दोन, वजा एक, म्हणजे १.१ आलं असतं. ते एकच्या बाहेर आहे. किरण दृश्याच्या चौकटीबाहेर गेला, आणि सीलवर क्लिक करूनही काहीच निवडलं गेलं नाही. चौकटीच्या आत असता तर २४० पिक्सेल उजवीकडचा आणि ६४ पिक्सेल खालचा भाग निवडला गेला असता.

गोळा डाव्या-वरच्या कोपऱ्याजवळ बरोबर येतो, पण उजवीकडे आणि खाली जाऊ तसा जास्त जास्त चुकतो, असं दिसलं तर भाजक चुकलाय. हे सहसा चांगल्या स्क्रीनच्या लॅपटॉपवर आणि फोनवर घडतं. तिथे दिसायला ८०० पिक्सेलचा कॅनव्हास आत १६०० पिक्सेलचा असतो, आणि `canvas.width` विचारलं तर १६०० मिळतात. ६०० भागिले १६०० केलं की ०.५ च्या जागी −०.२५ येतं. माउसचे आकडे पानाच्या पिक्सेलमध्ये असतात, म्हणून भाजकही पानाच्या पिक्सेलमध्येच हवा. `getBoundingClientRect` तेच देतं. हा दोष साध्या मॉनिटरवर दिसतच नाही, म्हणून ज्याने कोड लिहिला त्याच्याकडे सगळं बरोबर चालतं आणि ग्राहकाकडे चुकतं.

गोळा वर-खाली उलटा येतो तर वायचं चिन्ह राहिलं. मध्यभागी बरोबर पण दोन्ही कडांना चुकतो, तर किरण टाकताना वापरलेलं प्रोजेक्शन आणि चित्र रंगवताना वापरलेलं प्रोजेक्शन एकच नाही. आणि गोळा सगळीकडे अचूक बसतो, तरी भाग भलताच निवडला जातो, तर किरण निर्दोष आहे. दोष पुढच्या पायरीत, कोणता फटका खरा मानायचा त्यात आहे. आता तिकडे जाऊ.

तिसरी पायरी: लागलेल्यांतून कोणता घ्यायचा?

`intersectObject` एक भाग देत नाही, एक यादी देतं. किरण जिथे जिथे लागला ते सगळे फटके, जवळचा आधी, लांबचा नंतर. बरेच कोड डोळे मिटून पहिला उचलतात. पंपाच्या बाबतीत इथेच घोटाळा होतो.

मेकॅनिकला आतलं सील बघायचंय, म्हणून त्याने यादीतून केसिंग लपवलं. स्क्रीनवर केसिंग गेलं, सील दिसायला लागलं. त्याने सीलवर क्लिक केलं आणि पट्टीत नाव आलं ‘केसिंग’. कारण असं की थ्री-जेएसमध्ये `visible` हे रंगवण्यासाठी आहे. किरण टाकणारा कोड ते बघत नाही; न दिसणारी वस्तूही किरणाला अडवते. हा लायब्ररीचा दोष म्हणता येत नाही. कित्येकदा न दिसणाऱ्या वस्तूवर क्लिक घेणं मुद्दाम हवं असतं. पण आपल्याला इथे ते नको आहे, म्हणून गाळणी आपण लावायची. आणि फक्त त्या मेशचं `visible` बघून भागत नाही, कारण लपवताना आपण बहुतेक वेळा वरचा गट लपवतो आणि आतल्या मेशचं `visible` खरंच राहतं. म्हणून वरपर्यंत चढत जायचं.

दुसरा घोटाळा छेद दाखवताना. पंप मधोमध कापून दाखवण्यासाठी आपण एक छेद-पातळी देतो. तिच्या एका बाजूचे पिक्सेल रंगवले जात नाहीत. पण मेश कापला गेलेला नसतो. त्रिकोण होते तिथेच आहेत, आणि किरण त्या न रंगवलेल्या अर्ध्या केसिंगला आधी लागतो. उपाय सोपा आहे. लागलेला बिंदू पातळीच्या कापलेल्या बाजूला असेल, तर तो फटका टाकून द्यायचा.

```js
function isShown(o) {
  for (; o; o = o.parent) if (!o.visible) return false;
  return true;
}
const hit = hits.find(h =>
  isShown(h.object) &&
  planes.every(p => p.distanceToPoint(h.point) >= 0));
```

छेदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. केसिंगची भिंत जाड आहे, पण मेशमध्ये ती भरीव नसते. बाहेरचा एक पापुद्रा आणि आतला एक पापुद्रा, मध्ये पोकळी. कापल्यावर मेकॅनिक भिंतीच्या जाडीवर क्लिक करतो. किरण पोकळीत शिरतो आणि पापुद्र्याला पाठीमागून लागतो. मटेरियल एकाच बाजूचं, म्हणजे `FrontSide` असेल, तर पाठीमागून लागलेला त्रिकोण मोजला जात नाही. किरण आरपार जाऊन मागच्या बोल्टला लागतो. माणसाच्या लेखी भिंत, निवड बोल्टची. ज्या मॉडेलवर छेद दाखवायचाय तिथे मटेरियल `DoubleSide` ठेवा. मग रंगवणंही दोन्ही बाजूंनी होतं आणि किरणही दोन्ही बाजूंनी अडतो.

तिसरी गोष्ट पारदर्शक केसिंगची. लपवण्याऐवजी ते काचेसारखं अंधुक दाखवलंय. आता क्लिक केसिंगला लागावं की आतल्या सीलला? गणित याचं उत्तर देत नाही, ते आपण ठरवायचं. माझा अनुभव असा की ज्याच्या आरपार दिसतं त्याच्या आरपार क्लिकही जावं अशी माणसाची अपेक्षा असते. मग केसिंग निवडायचं कसं? त्याच जागी पुन्हा क्लिक केलं की यादीतला पुढचा भाग निवडायचा, शेवटाला पोहोचलं की केसिंगवर यायचं. हे करताना एक काळजी घ्या. दोन्ही बाजूंच्या मटेरियलवर किरण आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा लागतो, म्हणून एकच भाग यादीत दोनदा, चारदा येतो. आधी भागांप्रमाणे एकेकच ठेवा, नाहीतर मेकॅनिक तीनदा क्लिक करतो आणि निवड हललेलीच दिसत नाही.

मेश म्हणजे भाग नव्हे

फटका मिळाला. `hit.object` मध्ये एक मेश आहे. पण मेकॅनिकला हवा आहे भागाचा नंबर. जीएलटीएफ फाइलमध्ये एका भागाला दोन रंग असतील, समजा सीलची स्टीलची रिंग आणि रबराची कड, तर लोड झाल्यावर त्याचे दोन मेश होतात आणि ते एका गटाखाली येतात. रबराच्या कडेवर क्लिक केलं तर फक्त कड उजळते. मागणी मात्र अख्ख्या सीलची द्यायची असते. म्हणून फाइल बनवतानाच भागाच्या नोडवर नंबर लिहून ठेवायचा. जीएलटीएफच्या `extras` मध्ये लिहिलेलं थ्री-जेएसमध्ये `userData` मध्ये येतं. मग मेशपासून वर चढत जाऊन नंबर असलेला पहिला नोड घ्यायचा.

```js
let o = hit.object;
while (o && !o.userData.partNo) o = o.parent;
```

याच्या उलट परिस्थितीही येते. पंप एकटा नाही, अख्खं पंपहाउस आहे, हजारो भाग. प्रत्येक भाग वेगळा रंगवायला सांगितला तर ब्राउझर दमतो. म्हणून एकाच मटेरियलचे सगळे भाग जोडून एक मोठा मेश करतात. रंगवणं वेगवान झालं, पण आता कुठेही क्लिक करा, `hit.object` तोच. इथे प्रत्येक शिरोबिंदूवर एक जास्तीचा आकडा लिहून ठेवायचा, भागाचा क्रमांक. फटक्यात त्रिकोणाची तीन टोकं मिळतात, त्यातल्या एका टोकावरचा आकडा वाचायचा.

```js
const id = mesh.geometry.attributes.partId.getX(hit.face.a);
```

काही जण याऐवजी त्रिकोणांच्या क्रमांकांची यादी ठेवतात: शून्य ते पाचशे केसिंग, पाचशे एक ते सातशे सील, असं. तीही रीत चालते, पण त्रिकोणांचा क्रम कोणी बदलला की अख्खी यादी खोटी पडते. आणि क्रम बदलणारं एक कारण पुढच्याच पायरीत येतंय. शिरोबिंदूवर लिहिलेला आकडा मात्र त्रिकोणासोबत फिरतो.

दहा लाख त्रिकोण असतील तर?

जोडलेल्या मेशचा दुसरा तोटा असा की गुंडाळणाऱ्या गोलाची चाळणी निकामी होते. एकच गोल, तो सगळ्यालाच गुंडाळतो, किरण त्याला लागणारच. मग लायब्ररी सगळे त्रिकोण एकामागून एक तपासते. क्लिक एकदाच होतं, तेव्हा थोडा उशीर माणूस सहन करतो. पण माउस नुसता फिरवताना खालचा भाग उजळवायचा असेल, तर सेकंदाला साठ चित्रांच्या हिशेबात प्रत्येक वेळी सुमारे १६ मिलिसेकंद हातात असतात, आणि त्यात रंगवणंही बसवायचं असतं.

उपाय म्हणजे डब्यात डबा. सगळ्या त्रिकोणांना एक पेटी. तिच्या आत दोन पेट्या, प्रत्येकीत निम्मे त्रिकोण. त्यांच्या आत पुन्हा दोन-दोन. सतरा वेळा असं निम्मं करत गेलं की १,३१,०७२ पेट्या होतात आणि दहा लाख त्रिकोणांतले एकेकीत सात-आठच राहतात. किरण मोठ्या पेटीला लागला तरच आतल्या दोन बघायच्या. जी चुकली तिच्या आतलं काहीच बघायचं नाही. दहा लाखांऐवजी काही डझन पेट्या आणि थोडेसे त्रिकोण तपासून काम होतं. थ्री-जेएससाठी `three-mesh-bvh` ही तयार लायब्ररी हेच करते.

दोन गोष्टी सांभाळा. हे झाड बांधायला वेळ लागतो, म्हणून ते मॉडेल लोड होताना एकदाच बांधायचं, क्लिकच्या वेळी नाही. आणि ही लायब्ररी झाड बांधताना मेशमधल्या त्रिकोणांचा क्रम बदलते, तुम्ही `indirect` हा पर्याय दिला नाही तर. त्रिकोणांच्या क्रमांकावर विसंबलेली यादी इथेच मोडते. चालू असलेला कॅटलॉग वेग वाढवल्यावर अचानक सीलच्या जागी बेअरिंगचा नंबर दाखवायला लागला, तर पहिला संशय इथे घ्या.

आणखी एक सोय आहे, `firstHitOnly`. पहिला फटका मिळाला की थांबायचं. माउस फिरवताना ती चांगली. पण मगाशी पाहिलेलं लपवणं, छेद, पारदर्शकता यांची गाळणी यादीवर चालते. छेद चालू असताना ही सोयही चालू ठेवली, तर मिळालेला एकमेव फटका कापलेल्या बाजूचा निघतो, गाळणी तो टाकते, आणि हातात काहीच राहत नाही. म्हणून छेद चालू असेल तेव्हा ती बंद ठेवायची.

किरण जिथे कमी पडतो

किरणाला जाडी नसते. लांबून बघताना बोल्ट स्क्रीनवर चार पिक्सेलचा असतो आणि फोनवरचं बोट त्याहून कितीतरी जाड. मधल्या किरणाला काहीच लागलं नाही, तर सहा-आठ पिक्सेलच्या वर्तुळावर आठ किरण आणखी टाका आणि मिळेल तो भाग घ्या. मधला किरण लागला असेल तर मात्र शेजारच्यांना विचारू नका.

मॉडेल फिरवण्यासाठी ओढणं आणि निवडण्यासाठी क्लिक करणं, दोन्ही एकाच बोटाने होतं. बोट टेकल्याची जागा लक्षात ठेवा, उचलल्याची बघा, आणि अंतर चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त असेल तर ते क्लिक मानू नका. नाहीतर मॉडेल फिरवलं की दर वेळी निवड बदलते.

आणि खरी मर्यादा ही: किरण मेमरीत लिहिलेल्या त्रिकोणांना लागतो, स्क्रीनवर दिसणाऱ्यांना नाही. ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या शेडरमध्ये तुम्ही बिंदू हलवले, समजा भाग सुटे होऊन बाहेर सरकण्याचा देखावा शेडरमध्ये केला, तर किरणाला तो बदल माहीतच नसतो. सील बाहेर आलेलं दिसतं, पण क्लिक लागतं ते जुन्या जागी. अशा ठिकाणी एक तर सरकवणं मॅट्रिक्सने करा, म्हणजे किरणही सोबत सरकेल. नाहीतर दुसरी रीत घ्या. प्रत्येक भाग एका वेगळ्या रंगात पडद्यामागे रंगवायचा आणि क्लिकच्या पिक्सेलचा रंग वाचून भाग ओळखायचा. ती रीत स्क्रीनवर जे दिसतं त्याच्याशी जुळते, पण तिच्यात मागचे फटके मिळत नाहीत आणि लागलेला बिंदूही थेट मिळत नाही.

तुमच्याकडे असा व्ह्यूअर असेल तर आज एवढं करून बघा. लाल गोळा लावा, पाच ठिकाणी क्लिक करा. मग केसिंग लपवून सीलवर क्लिक करा. मग छेद लावून भिंतीच्या जाडीवर क्लिक करा. शेवटी हेच सगळं फोनवर करा. चारही ठिकाणी भागाचा नंबर बरोबर आला, तर मेकॅनिकच्या हातात बरोबर सील पडेल. कुठे अडलं तर व्हिडिओच्या खाली लिहा, लिहिताना गोळा कुठे पडला तेवढं नक्की सांगा.